जे वर्गातच मिळतं, ते आधी

सांगलीतल्या आमच्या उर्दू हायस्कूलमध्ये दरवर्षी बी.एड.च्या शेवटच्या वर्षाच्या काही मुली आंतरवासितेसाठी येतात. येताना प्रत्येकीच्या पर्समध्ये कॉलेजनं दिलेला एक कागद असतो. दोन अध्यापन पद्धतींचे पाठ, त्यांची टाचणं, इतरांच्या पाठांची निरीक्षणं, घटक चाचणी आणि तिचा संविधान तक्ता, एक कृती संशोधन, एका विद्यार्थ्याचा व्यक्ती अभ्यास, शालेय दैनंदिनी. शिवाय कॉलेजचे तास आणि प्रत्येक पेपरची प्रात्यक्षिकं आहेतच. कागद वाचून झाला की प्रश्न ठरलेला असतो, "आपा, हे सगळं करायचं कधी?"

मी उर्दू आणि मराठी शिकवते. गेली काही वर्षं या मुलींची मार्गदर्शक शिक्षिका म्हणून काम करते. माझं स्वतःचं बी.एड. साताऱ्यात झालं, तेव्हा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. २०१५ पासून तो दोन वर्षांचा झाला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यातले सोळा दुसऱ्या वर्षी. कॉलेजच्या तासांना ८० टक्के हजेरी लागते आणि शाळेतल्या कामाला ९० टक्के. मुली घाबरतात त्या या दोन आकड्यांना. माझा अनुभव असा की हजेरी बहुतेकींची भरते. अडतं ते दुसरीकडेच.

कुठे अडतं ते एका मुलीच्या उदाहरणानं सांगते. तिचं खरं नाव इथे नको, शाहीन म्हणू. मिरजेची मुलगी, वडील रिक्षा चालवतात, घरात बी.एड.पर्यंत पोचलेली पहिलीच. आमची शाळा सकाळच्या सत्रात भरते, सव्वासातला प्रार्थना आणि साडेबाराला सुट्टी. तिचं कॉलेज आंतरवासितेच्या काळातही मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी दुपारी दोन ते पाच तासांना बोलवायचं. म्हणजे अर्धा दिवस शिक्षिका, अर्धा दिवस विद्यार्थिनी. फजरची नमाज पढून सव्वासहाला घर सोडायचं आणि तीन दिवस संध्याकाळी सहाला परतायचं.

पहिल्याच आठवड्यात तिनं वेळापत्रक करून आणलं. रंगीत पेनांनी आखलेलं, रोज रात्री नऊ ते अकरा "सबमिशन" असं लिहिलेलं. मी तिला म्हटलं, या नऊ ते अकरामध्ये तू नक्की काय करणार? ती म्हणाली, यादीतलं एकेक काम संपवत जाणार. मग आम्ही तो कॉलेजचा कागद समोर घेतला आणि प्रत्येक कामासमोर एकच गोष्ट लिहिली, हे काम घरी बसून होतं की वर्गातच मिळतं?

कृती संशोधनाची प्रस्तावना, संबंधित साहित्याचा आढावा, पद्धतीची माहिती, संदर्भांची यादी हे सगळं घरी होतं. ते ऑगस्टमध्ये लिहा नाहीतर डिसेंबरमध्ये, बिघडत नाही. पण पूर्वचाचणी वर्गातच मिळते, आणि तीही मुलांना काही शिकवण्याच्या आधी. एकदा शिकवून झाल्यावर "शिकवण्याआधी मुलांना किती येत होतं" हे मोजायला वर्ग परत मिळत नाही. व्यक्ती अभ्यासातलं मूल आठवड्यांमागून आठवडे बघावं लागतं, त्याच्याबद्दलचं टिपण त्याच दिवशी करावं लागतं. घटक चाचणी तो घटक संपला की लगेच घ्यावी लागते. निरीक्षणाचा पाठ दुसरीचा पाठ चालू असतानाच लिहिला जातो. मुली साधारणपणे उलटं करतात. घरी होणारी कामं सोपी, हाताशी असलेली, म्हणून ती आधी उरकतात आणि वर्गातली कामं "वेळ मिळाला की" म्हणून मागे ठेवतात. नोव्हेंबरमध्ये सुंदर प्रस्तावना तयार असते आणि पूर्वचाचणी झालेलीच नसते.

साताऱ्यात शिकलेल्या माणसाला शिक्षण आणि काम एका दिवसात बसवण्याची गोष्ट नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. १९४७ मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात "कमवा आणि शिका" हे तत्त्वच होतं. मुलांनी श्रम करायचे आणि त्यावर शिक्षणाचा खर्च भागवायचा. तिथे शेतातलं काम वेगळं आणि वर्गातला अभ्यास वेगळा होता, म्हणून तास वाटून द्यावे लागत. आंतरवासितेत एक पैसा मिळत नाही, पण एक सोय मात्र आहे. इथे कामातूनच प्रकल्पाचा माल निघतो. ज्या तासाला शाहीन आठवीला मराठी शिकवत होती, तोच तास तिच्या कृती संशोधनाचा होता. दोन्हींसाठी वेगळा वेळ काढायचा नव्हता, पण तो तास नेमका कोणत्या आठवड्यात यावा हे ठरवावं लागणार होतं.

म्हणून आम्ही सोळा आठवडे मोजले. आठवड्याचे सहा दिवस धरले तर ९६ दिवस होतात. सण आणि जयंत्यांच्या सहा सुट्ट्या वजा केल्या, ९० उरले. त्यांचे ९० टक्के म्हणजे ८१. गैरहजेरीला जागा उरली नऊ दिवसांची. हा आकडा तिनं दैनंदिनीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि प्रत्येक रजेनंतर त्यातून वजा करत गेली. मग शिकवण्याचे आठवडे मोजले. पहिला आठवडा फक्त निरीक्षणाचा. दहावा प्रथम सत्र परीक्षेचा. त्यानंतर जवळपास एक आठवडा उत्तरपत्रिकांचा. विखुरलेल्या सुट्ट्या मिळून आणखी एक. सोळातून चार गेले, बारा राहिले. परीक्षेच्या आठवड्यात हजेरी लागते, पर्यवेक्षण करावं लागतं, पण पाठ होत नाही. मुली हेच विसरतात. त्या सोळा आठवड्यांत पाठांची संख्या वाटून टाकतात आणि दहाव्या आठवड्यात आपण मागे पडलो असं त्यांना वाटायला लागतं. मागे त्या पहिल्या दिवसापासूनच असतात, दिसतं उशिरा.

आता विषय. उर्दू माध्यमाच्या मुलांच्या मराठी लेखनात एक चूक आम्हा सगळ्याच शिक्षकांना ओळखीची आहे. "शाळा"चं "शाला" होतं, "पाणी"चं "पानी", "पाटण"चं "पाटन". उर्दूच्या लिपीत ळ ला आणि ण ला स्वतःचं अक्षर नाही. वाळवा आणि शिराळा हे आपल्याच जिल्ह्यातले तालुके, पण मूल उर्दूत ते लिहितं तेव्हा "लाम"नंच लिहितं. शाहीननं हाच विषय घेतला. इयत्ता आठवी, ळ आणि ण चं लेखन.

विषय ठरल्यावर मुली लगेच उपाय लिहायला घेतात, तक्ते, शब्दपट्ट्या, खेळ. मी तिला थांबवलं आणि आधी कारण शोधायला सांगितलं. आमच्या मुलांत दोन प्रकार असतात. काहींना ळ नीट ऐकू येतो, बोलताही येतो, कारण त्यांचं खेळणं, बाजार, शेजार सगळं मराठीत असतं. ती फक्त लिहिताना ल वर जातात. काहींना मात्र "काल" आणि "काळ" यांतला फरक कानालाच कळत नाही. दोघांच्याही वहीत चूक एकच दिसते. उपाय मात्र वेगळा लागतो. पहिल्याला लिहिण्याचा सराव पुरतो, दुसऱ्याला आधी ऐकण्याचा सराव हवा. नुसतं श्रुतलेखन घेतलं तर हा फरक कळत नाही. म्हणून तिनं पूर्वचाचणीचे दोन भाग केले. पहिल्या भागात वीस शब्दांचं श्रुतलेखन. दुसऱ्यात जोड्या, गाल आणि गाळ, वेल आणि वेळ, माल आणि माळ, मूल आणि मूळ, मन आणि मण. जोडीतला एक शब्द ती उच्चारणार आणि मुलांनी फळ्यावरच्या दोन शब्दांपैकी तो कोणता, एवढा आकडा लिहायचा. लिहिण्याची भानगडच नाही, फक्त कान तपासायचा.

तिसऱ्या आठवड्यात पूर्वचाचणी झाली. चौथ्या ते आठव्या आठवड्यापर्यंत, मराठीच्या दोन तासांच्या सुरुवातीची दहा-दहा मिनिटं तिनं सरावाला घेतली. पूर्ण तास तिला मी दिला नाही. आठवीचा पाठ्यक्रम माझ्या जबाबदारीवर होता, आणि तिचा प्रकल्प व्हावा म्हणून मुलांचे दोन धडे राहावेत हे मला चालणार नव्हतं. तीही हे समजली. ज्या धड्याचा पाठ असेल त्यातलेच ळ आणि ण चे शब्द तिनं सरावाला निवडले. त्यामुळे दहा मिनिटांतलं काम पुढच्या पंचवीस मिनिटांना उपयोगी पडू लागलं. प्रकल्पामुळे वर्ग मागे पडतोय का, हे ओळखायची माझी खूण साधी आहे. वह्या बघायच्या. प्रकल्पाच्या आठवड्यांत मुलांच्या वह्यांत स्वाध्याय अपुरे दिसायला लागले, तर शिक्षिका आपल्याच कामात गुंतली आहे असं समजायचं.

उत्तरचाचणी कधी घ्यायची यावर आमचं थोडं वाजलं. ती म्हणाली, दिवाळीच्या सुट्टीनंतर घेऊ, म्हणजे मधे वेळ मिळेल. मी नको म्हटलं. सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात निम्मी मुलं नातेवाइकांकडून परतलेली नसतात. आणि एवढ्या मोठ्या खंडानंतरच्या गुणांतली घट सरावाच्या कमतरतेची की विसरल्याची, हे सांगता येत नाही. सत्र परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मात्र वर्ग भरलेला असतो. त्यामुळे उत्तरचाचणी नवव्या आठवड्यात झाली.

पटावर ३६ मुलं होती. पूर्वचाचणीला ३३ हजर होती, उत्तरचाचणीला ३१. दोन्हींना हजर असलेली २९. शाहीननं पहिल्यांदा ३३ जणांची सरासरी आणि ३१ जणांची सरासरी काढली आणि दोन्हींची तुलना केली. ही अगदी नेहमीची गफलत आहे. पहिल्या चाचणीतले चार कच्चे विद्यार्थी दुसरीला आलेच नाहीत, तर काही न शिकवताही सरासरी वर जाते. तुलना त्या २९ जणांचीच करायची आणि बाकीच्यांची नोंद वेगळी ठेवायची. तिनं ती पुन्हा काढली. वीसपैकी सरासरी ९ होती, ती १३ झाली. पहिल्या हिशेबात ती थोडी जास्त येत होती. सरासरी कमी झाल्याचं तिला वाईट वाटलं. पण या १३ च्या मागे २९ मुलांची नावं होती आणि त्यातला प्रत्येक गुण ती दाखवू शकत होती.

या सगळ्यात टाचणांचं काय? टाचण लिहायला तिला सुरुवातीला दोन तास लागायचे. पस्तीस मिनिटांच्या तासाला दोन तास! मराठीचं टाचण मराठीत, उर्दूचं उर्दूत, एक वही डावीकडून उघडायची, दुसरी उजवीकडून. रोज दोन पाठ म्हणजे चार तास, आणि कॉलेजच्या दिवशी ते शक्यच नव्हतं. पण बारकाईनं पाहिल्यावर लक्षात आलं की खरा अडथळा लिहिणं नव्हताच. टाचणावर माझी सही झाल्याशिवाय पाठ घ्यायचा नाही असा नियम आहे. ती रात्री टाचण लिहायची, सकाळी मला दाखवायची, मी काही बदल सांगायचे, मग घाईघाईत पुन्हा लिहिणं, आणि तेवढ्यात तास सुरू. एकच टाचण दोनदा लिहिलं जात होतं.

मग आम्ही क्रम बदलला. रविवारी ती आठवड्याचं घटक नियोजन फक्त एका पानावर लिहायची. कोणता घटक, कोणत्या दिवशी, उद्दिष्ट काय, साधन काय, शेवटी विचारायचा प्रश्न कोणता. सोमवारी मधल्या सुट्टीत ते पान मी बघायची आणि बदल तिथेच सांगायची. पूर्ण टाचण ती त्यानंतर लिहायची, एकदाच. पाठाच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत ते माझ्या टेबलावर यायचं. तिच्या हाताचा वेग तोच राहिला, पण महिन्याभरात एका टाचणाला पाऊण तास पुरू लागला. कॉलेजच्या तीन दिवशी पाठ एकच ठेवायचा आणि सोमवार, बुधवार, शुक्रवारी दोन, हेही वेळापत्रक लावणाऱ्या सरांशी बोलून जमलं. हे बोलणं पहिल्याच आठवड्यात व्हावं लागतं. एकदा शाळेचं वेळापत्रक बसलं की एका छात्राध्यापिकेसाठी ते कोणी हलवत नाही, आणि हलवूही नये.

नऊ दिवसांची रजाही लवकरच पणाला लागली. सप्टेंबरमध्ये तिला ताप आला, चार दिवस गेले. उरले पाच. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोलापूरला चुलत बहिणीचा निकाह होता, घरच्यांनी तिला चार दिवस धरलं होतं. हळद, मेहंदी, निकाह, वलीमा. आमच्या घरांत मुलीनं "मला शाळा आहे" म्हणून लग्न चुकवणं सोपं नसतं, आणि पगार नसलेल्या कामासाठी तर अजिबातच नाही. तिची अम्मी मला भेटायला आली. म्हणाली, "आपा, शिकायचं तर आहेच हो, पण खानदानात तोंड दाखवायचं का नाही?" मी तिला ना म्हटलं नाही, ना हो म्हटलं. दैनंदिनीचं पहिलं पान उघडून दाखवलं. पाच दिवस आहेत. चार आत्ता गेले, तर डिसेंबरपर्यंत एकच उरतो. आणि हे चार दिवस नेमके उत्तरचाचणीच्या आठवड्यात येतात, ती चाचणी पुढे सरकवायला पुढचा आठवडा परीक्षेचा आहे. अम्मी शाळा शिकलेली नव्हती, पण हिशेब तिला माझ्यापेक्षा लवकर कळला. शाहीन निकाहाच्या दिवशी आणि वलीम्याला गेली, दोन दिवस. चाचणी तिनं सोमवारी घेतली आणि बुधवारी रात्री गाडीत बसली. हजेरीचा आकडा भिंतीवरच्या नियमासारखा सांगितला असता, तर घरात वाद झाला असता. कोणत्या दिवशी काय बुडतं हे दाखवल्यावर वाद राहिला नाही.

काही गोष्टी सोडाव्याही लागल्या. तिला मुलांकडून एक द्विभाषिक हस्तलिखित करून घ्यायचं होतं, उजवीकडून उर्दू, डावीकडून मराठी. कल्पना फारच छान होती, पण कॉलेजच्या कागदावर ती नव्हती आणि बारा आठवड्यांत बसत नव्हती. ते झालं नाही. घरी होणारं सगळं लिखाण मात्र तिनं दिवाळीच्या सुट्टीत उरकलं. पण त्या वेळी तिच्याकडे लिहायला काहीतरी होतं. चाचणीचे कागद गठ्ठ्यानं बांधलेले, व्यक्ती अभ्यासाची तारीखवार टिपणं, सरावाच्या दहा मिनिटांत मुलं काय बोलली त्याच्या नोंदी. या नोंदी ती त्याच दिवशी, शाळा सुटल्यावर शिक्षक खोलीत पंधरा-वीस मिनिटं बसून करायची. मगच बाहेर पडायची.

हे न केल्यावर काय होतं, तेही त्याच वर्षी पाहिलं. माझी भाची साताऱ्यात बी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होती, तिची शाळा मराठी माध्यमाची. हुशार मुलगी, पाठ उत्तम घ्यायची. पण पूर्वचाचणी आज घेऊ, उद्या घेऊ करत सत्र परीक्षा आली. तिचा विषय होता नववीच्या मुलांचं निबंधलेखन, आणि तोवर तिनं निबंधाचे चार पाठ घेऊनही टाकले होते. रात्री फोन आला, "खाला, आता काय करू? मैत्रिणी म्हणतात, आधीचे गुण अंदाजानं लिहून टाक, कोण बघतंय."

बघणारे बघतात. अशी प्रकल्पपुस्तिका हातात आली की काय दिसतं ते सांगते. पूर्वचाचणीत सगळ्यांचे गुण कमी आणि उत्तरचाचणीत सगळ्यांचे वाढलेले, एकही मूल जागच्या जागी नाही, एकही घसरलेलं नाही. खऱ्या वर्गात असं होत नाही. दोन्ही चाचण्यांना शंभर टक्के हजेरी. दैनंदिनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाच शाईत, एकाच दमात. कधी कधी तर रविवारच्या किंवा ईदच्या तारखेला घेतलेला पाठ. आणि तोंडी परीक्षेत एकच प्रश्न पुरतो, "ज्याला सगळ्यात कमी गुण होते, त्या मुलाचं पुढे काय झालं?" ज्या मुलीनं खरंच काम केलेलं असतं ती नाव न घेता त्या मुलाबद्दल पाच मिनिटं बोलते. दुसरी आपल्याच पुस्तिकेची पानं उलटायला लागते.

भाचीला मी सांगितलं की हा विषय आता सोड. निबंधाचा वर्ग गेला, तो परत येणार नाही. दिवाळीनंतर पाच-सहा आठवडे आहेत, त्यात मावेल असा लहान प्रश्न घे, ज्यावर तू अजून काही शिकवलेलं नाहीस. मार्गदर्शकांना भेटून विषय बदलून घे. तिनं विरामचिन्हं घेतली. सुट्टीनंतर मुलं परतू द्यायला एक आठवडा थांबली, मग पूर्वचाचणी, तीन आठवडे सराव, उत्तरचाचणी. पण जानेवारीत कॉलेजची बाकी सबमिशन तिच्या अंगावर एकदम आली, कारण दिवाळीत लिहायला तिच्याकडे काहीच नव्हतं आणि डिसेंबर वर्गात गेला. दोन पेपरच्या अंतर्गत गुणांत तिला फटका बसला. प्रकल्प मात्र खरा झाला.

दोघींचे कामाचे तास मोजले तर भाचीनं कदाचित जास्तच काढले असतील. फरक पडला तो तिसऱ्या आठवड्यातल्या एका चाचणीनं. आता मी नव्या मुलींचा कागद बघते तेव्हा त्यांच्या रात्रीच्या वेळापत्रकाकडे बघतच नाही. वर्गात मिळणाऱ्या प्रत्येक कामासमोर आठवड्याचा आकडा लिहायला लावते. तेवढा आकडा पक्का असेल तर बाकीचं लिखाण गुरुवारी रात्री झालं काय किंवा सुट्टीत झालं काय, फार बिघडत नाही.

शाहीनच्या २९ मुलांपैकी पाच जण होते तिथेच राहिले. त्यातले चार जोड्यांच्या चाचणीत, म्हणजे कानाच्या परीक्षेत, आधीच चुकलेले होते. पाच आठवडे दहा-दहा मिनिटांचा सराव त्यांना पुरला नाही, असं तिनं निष्कर्षात सरळ लिहिलं. तोंडी परीक्षेत तिला त्या पाच जणांबद्दलच विचारलं गेलं. त्यांतला एक मुलगा पुढे नववीत माझ्याच वर्गात आला. त्याच्यासाठी मी शाहीनच्या जोड्या पुन्हा वापरायला घेतल्या, या वेळी फक्त ऐकायच्या, लिहायच्या नाहीत. दिवाळीपर्यंत त्याला "वेल" आणि "वेळ" कानानं वेगळे कळायला लागले. वहीत अजून गडबड होते.